४५ रिकाम्या रकान्यांचं कोडं ५६ वाल्यापेक्षा अवघड कसं निघालं?

शुभदा_मिरज (धागालेखिका)

आमच्या सोसायटीत ज्येष्ठ नागरिकांचा कट्टा आहे. तिथल्या फळ्यावर दर रविवारी सकाळी मी तीन सुडोकू लावते: एक सोपं, एक मध्यम, एक अवघड. कोडी संगणकावर तयार करून घेते, पण कुठलं कोणत्या गटात टाकायचं हे मीच ठरवते. माझा हिशेब असा की ४० पर्यंत रकाने रिकामे असले तर सोपं, ५० पर्यंत मध्यम आणि त्यापुढे अवघड. दोन वर्षं असंच चाललंय.

गेल्या रविवारी मात्र सगळं उलटंपालटं झालं. ५६ रिकामे रकाने असलेलं 'अवघड' कोडं शेजारच्या काकूंनी चहा येण्याआधी सोडवून टाकलं. ४५ रिकामे असलेल्या 'मध्यम' कोड्यापाशी मात्र पाचसहा जण दुपारी बारापर्यंत बसून होते. सगळे एकाच ठिकाणी अडकले. एक काका तर नाराज होऊन म्हणाले, "बाई, हे कोडं चुकीचं आहे, याला उत्तरच नाही." घरी येऊन तपासलं. उत्तर आहे आणि एकच आहे.

मग माझं वर्गीकरण कुठे चुकतंय? रिकाम्या रकान्यांवरून पातळी ठरत नसेल तर कशावरून ठरवायची?

प्रसाद_डोंबिवली

एका कोड्यावरून नियम मोडीत काढू नका. दिलेले आकडे जितके कमी तितकी माहिती कमी, आणि माहिती कमी म्हणजे कोडं अवघड, हे साधं गणित आहे. १७ पेक्षा कमी आकडे देऊन एकच उत्तर असलेलं सुडोकू बनतच नाही, हे डब्लिनच्या मॅकग्वायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ साली संगणकावर तपासून दाखवलं. म्हणजे १७ आकड्यांची कोडी ही अवघडपणाची शेवटची पायरी झाली. तुमचं ४५ वालं अपवाद असणार.

नववा_रकाना

प्रसाद, १७ ची गोष्ट खरी आहे, पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष बरोबर नाही. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्डन रॉयल यांनी १७ आकडी कोड्यांचा मोठा संग्रह केलाय, ४९ हजारांच्या वर कोडी आहेत त्यात. त्यातली पुष्कळशी अगदी साध्या पद्धतीने सुटतात. 'या चौकटीत ५ बसायला ही एकच जागा उरली' असं एकामागून एक करत गेलं की झालं. रकाने ६४ रिकामे, पण डोकं कुठेच अडत नाही.

आता दुसरं टोक बघा. फिनलंडच्या आर्तो इंकाला यांचं २०१२ चं हे कोडं. शून्य म्हणजे रिकामा रकाना:

```
800000000
003600000
070090200
050007000
000045700
000100030
001000068
008500010
090000400
```

यात २१ आकडे दिलेत, म्हणजे १७ वाल्यांपेक्षा चार जास्त. कागदावर उतरवून घ्या आणि सरळपणे भरता येणारा एक तरी रकाना शोधा. मी ओळ न् ओळ, चौकट न् चौकट तपासली आहे. सुरुवातीला एकही सापडत नाही. सर्वांत तोकडा रकाना म्हणजे आठव्या आडव्या ओळीतला सातवा, आणि तिथेही ३ आणि ९ असे दोन पर्याय उरतात. जास्त आकडे दिलेलं कोडं पहिल्याच पावलाला दार लावून घेतं.

शुभदाताई, तुमची ती दोन्ही कोडी इथे टाका. बघूया.

शुभदा_मिरज

दोन्हींचे फोटो तुम्हाला व्यक्तिगत निरोपात पाठवलेत. धाग्यावर चढत नव्हते.

निवृत्त_टपालवाला

मी गेली पंधरा वर्षं पेपरातलं सुडोकू पेनाने सोडवतो. पेन्सिल नाही, कोपऱ्यात बारीक आकडे नाहीत. माझा अनुभव सांगतो. ज्या कोड्यात 'ही चौकट बघ, इथे ८ कुठे बसेल' एवढंच करावं लागतं, ते मी कितीही रिकामं असलं तरी चहासोबत संपवतो. पण कधीकधी एकच रकाना धरून त्याची आडवी ओळ, उभी ओळ आणि चौकट मिळून आठ वेगवेगळे आकडे बाद करावे लागतात, तेव्हा नववा उरतो. ते मला फार जड जातं. माझा नातू म्हणतो हीच तर सगळ्यात सोपी पद्धत. त्याला सोपी, कारण तो प्रत्येक रकान्यात बारीक आकडे लिहून ठेवतो आणि एकटा उरलेला आकडा त्याला दिसतोच.

नववा_रकाना

काका, तुम्ही म्हणता तसाच क्रम निकोला जुइलेरा यांच्या सुडोकू एक्सप्लेनर या प्रोग्राममध्येही लावलेला आहे. तो प्रत्येक पावलाला गुण देतो. चौकटीत आकड्याला एकच जागा उरली तर १.२, ओळीत उरली तर १.५. रकान्यात एकच आकडा उरला तर २.३. म्हणजे तुम्हाला जड जाणारी पद्धत तिथेही वरच्या पायरीवर आहे. पेन्सिलवाल्या नातवासाठी हा क्रम उलटा लागेल. तो प्रोग्राम मात्र विनापेन्सिलवाल्याच्या नजरेने मोजतो.

शुभदाताई, तुमची कोडी तपासली.

५६ वालं: पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळेच्या सगळे ५६ रकाने 'या चौकटीत हा आकडा इथेच' किंवा 'या ओळीत हा आकडा इथेच' एवढ्यावर भरले. त्यापुढचं एकही पाऊल लागलं नाही. काकूंचा चहा निवायच्या आत ते सुटलं यात नवल नाही.

४५ वालं: पहिले १९ रकाने असेच सहज भरतात. मग २६ रिकामे राहतात आणि सगळं ठप्प होतं. कुठल्याही चौकटीत, ओळीत, रकान्यात एकच पर्याय उरलेला नाही. दोन रकान्यांत तेच दोन आकडे उरतात अशा जोड्या शोधल्या, त्याही नाहीत. तुमची मंडळी बारापर्यंत बसली होती ती याच जागी, मला खात्री आहे.

आता इथून पुढे कसं जायचं ते सांगतो. फक्त ७ हा आकडा धरा. दुसऱ्या आडव्या ओळीत ७ ला दोनच जागा आहेत, तिसरा रकाना आणि आठवा. सातव्या आडव्या ओळीतही दोनच, आणि त्याही तिसरा आणि आठवाच. दुसऱ्या ओळीचा ७ तिसऱ्या रकान्यात गेला तर सातव्या ओळीचा आठव्यात जायला हवा, आणि उलट झालं तर उलट. नक्की कुठे जाईल ते अजून कळलेलं नाही, पण एक गोष्ट पक्की झाली: तिसऱ्या आणि आठव्या उभ्या ओळीचे दोन्ही ७ या चार रकान्यांतूनच येणार. मग त्या दोन उभ्या ओळींत इतरत्र जिथे जिथे ७ शक्य वाटत होता तिथून तो खोडायचा. आठव्या उभ्या ओळीत पाचव्या आडव्या ओळीचा रकाना ४ की ७ असा अडून बसला होता. ७ गेला, ४ बसला. तिथून उरलेले २५ रकाने पुन्हा सरळ भरतात.

याला एक्स-विंग म्हणतात. एक्सप्लेनरमध्ये त्याचे ३.२ गुण. पूर्ण कोड्याचा गुणांक म्हणजे त्याच्या वाटेतल्या सर्वांत जड पावलाचा गुणांक. त्यामुळे ४५ वाल्याला ३.२ आणि ५६ वाल्याला १.५.

प्रसाद_डोंबिवली

ठीक आहे, रिकामे रकाने सोडून देऊ. पण मग पद्धतींची यादी बनवत बसण्यापेक्षा सोपं माप आहे. मी एक छोटा प्रोग्राम लिहिलाय. तो पहिल्या रिकाम्या रकान्यात १ टाकून बघतो, अडला की मागे येऊन २ टाकतो, असं करत जातो. किती वेळा मागे फिरावं लागलं तो आकडा म्हणजे अवघडपणा. वादाला जागाच नाही.

नववा_रकाना

एक करून बघा. तेच कोडं उलटं करून, म्हणजे खालची ओळ वर आणि वरची खाली अशी मांडणी करून, तुमच्या प्रोग्रामला द्या. माणसासाठी ते तंतोतंत तेच कोडं आहे. तुमचा आकडा तोच येतो का सांगा.

रसिका_ठाणे

मला हा विषय उपयोगाचा आहे. मुलीच्या शाळेत सुडोकूची स्पर्धा ठेवतोय, सहावीच्या मुलांसाठी. ५० रिकाम्या रकान्यांच्या कोड्याला किती वेळ द्यावा? मिनिटाला दोन रकाने धरले तर २५ मिनिटं पुरतील ना?

शुभदा_मिरज

रसिका, मला वाटतं तुमच्या प्रश्नात दोन वेगळी मापं एकत्र आली आहेत. आजच मलाही हे उमगलं. रिकामे रकाने म्हणजे लिहायचं काम किती आहे त्याचा अंदाज. कोडं शेवटपर्यंत सरळ असेल तर तुमचा मिनिटाला दोनचा हिशेब चालेल. पण मध्ये भिंत आली तर ५० काय आणि २६ काय, मुलं तिथेच बसतील. सहावीच्या मुलांना एक्स-विंग कोणी शिकवलं नसेल तर ती कोडी आधीच बाजूला काढा, वेळ नंतर ठरवा.

प्रसाद_डोंबिवली

केलं. शुभदाताईंचं ४५ वालंच घेतलं. सरळ मांडणीत काही शे वेळा मागे फिरला. उलट्या मांडणीत काही हजार. कोडं एकच. हे माप माणसाच्या उपयोगाचं नाही, मान्य.

तरीही सरासरीचा माझा मुद्दा मी सोडत नाही. खूप आकडे दिलेलं कोडं सहसा सोपंच असतं.

नववा_रकाना

सहसा, हो. पण त्या 'सहसा'वर कोड्याला लेबल लावता येत नाही, आणि ते शुभदाताईंच्याच कोड्यावरून दाखवता येतं. ४५ वाल्यात जे पहिले १९ रकाने सहज भरतात ते आपणच भरून छापायचे. मग ५५ आकडे दिलेले आणि फक्त २६ रिकामे. मोजणीने ते 'अतिसोपं' ठरेल, पण भिंत जिथे होती तिथेच राहील. गुणांक आधीही ३.२ आणि आताही ३.२. उलट दिशेनेही हेच. सोप्या कोड्यातला एखादा आकडा पुसला आणि तो उरलेल्या आकड्यांवरून चौकट बघून लगेच परत मिळत असेल, तर रिकामे रकाने वाढले आणि कोडं मात्र आहे तिथेच राहिलं.

शुभदाताई, जमलं तर पुढच्या रविवारी हे २६ वालं फळ्यावर लावून बघा.

केदार_लीड्स

या सगळ्याशी सहमत, पण सर्वांत जड पाऊल एवढंच धरलं तर एक अन्याय होतो. दोन कोडी घ्या. एकात एक्स-विंग एकदाच येतं आणि मग मोकळा रस्ता. दुसऱ्यात सहा वेळा अडायला होतं आणि सहाही वेळा वेगळं एक्स-विंग शोधावं लागतं. दोघांना ३.२. सोडवणाऱ्याला विचारा, दुसरं दुप्पट नाही, चौपट थकवतं. होडोकू हा प्रोग्राम म्हणूनच प्रत्येक पावलाचे गुण ठरवून त्यांची बेरीज करतो. पातळी ठरवताना सर्वांत जड पद्धत बघतो, पण बेरीज फार वाढली तर वरच्या पातळीत ढकलतो. मला ते जास्त न्याय्य वाटतं.

नववा_रकाना

थकवा बेरजेतून कळतो, हे खरं. पण बेरजेत एक खोट आहे. तीस सोप्या पावलांची बेरीज एका एक्स-विंगच्या पुढे जाऊ शकते, आणि मग लांबलचक सोपं कोडं पुन्हा 'अवघड' ठरतं. म्हणजे रिकामे रकाने मोजण्याचीच चूक मागच्या दाराने परत येते. होडोकू त्यावर वजनं लावून उपाय करतो. पण ती वजनं शेवटी कोणाच्या तरी अंदाजाने ठरवलेली असतात.

'मला हे सुटेल का' याचं उत्तर सर्वांत जड पावलातून मिळतं. 'मला किती वेळ लागेल' याचं बेरजेतून. कट्ट्यावरच्या फळ्याला मी पहिलं लावेन.

केदार_लीड्स

मी दोन्ही लावेन, दोन आकडे शेजारी शेजारी. यावर आपलं जुळणार नाही असं दिसतंय. आणखी एक. अडलेल्या जागी बाहेर पडायला किती वाटा आहेत, हेही तुमच्या गुणांकात येत नाही. पाच वेगवेगळ्या ठिकाणी एक्स-विंग दिसत असेल तर कुणाला ना कुणाला सापडेल. एकाच ठिकाणी असेल तर ते शोधणं वेगळ्याच तोडीचं काम आहे.

नववा_रकाना

हा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, आणि याचं समाधानकारक माप मला कुठे मिळालेलं नाही.

शुभदा_मिरज

मला हे घरी करायचं असेल तर? मुलगा थोडं पायथन जाणतो.

नववा_रकाना

गाभा एवढाच आहे. `TECHS` मध्ये पद्धती सोप्याकडून अवघडाकडे रचलेल्या हव्यात:

```
def rate(p):
    hardest = 0
    while not p.solved():
        for level, tech in TECHS:
            if tech(p):
                hardest = max(hardest, level)
                break
        else:
            return None
    return hardest
```

यातली `break` ची ओळ सगळ्यात महत्त्वाची. एखादी पद्धत लागू पडली की लगेच पुन्हा यादीच्या डोक्यापासून सुरुवात करायची. मी पहिल्यांदा लिहिलं तेव्हा `else` चा भाग नव्हताच, आणि ही ओळही विसरलो होतो. एक सोपं पाऊल टाकून प्रोग्राम त्याच फेरीत पुढे एक्स-विंगपर्यंत जायचा, आणि सोपी पावलं शिल्लक असतानाही एक्स-विंग वापरून टाकायचा. सोपी सोपी कोडी ३.२ दाखवायला लागली. ही चूक पकडायची तर प्रत्येक पाऊल छापून बघा. जड पावलाच्या आधीच्या क्षणी कुठेही सहज भरणारा रकाना शिल्लक असेल तर गुणांक फुगलेला आहे.

`None` आलं तर त्याचा अर्थ एवढाच की तुमच्या यादीत त्या भिंतीची किल्ली नाही. त्याला 'फक्त अंदाजाने सुटणारं' असा शिक्का लावू नका. पद्धत यादीत घातली की तेच कोडं सुटतं. आणि हे सगळं करण्याआधी उत्तर एकच आहे ना ते तपासून घ्या. दोन उत्तरं असलेलं कोडं या वाटेने कधीच पूर्ण होत नाही.

केदार_लीड्स

यात एक भर. 'उत्तर एकच आहे' हे गृहीत धरून रकाने खोडणाऱ्या काही पद्धती आहेत. त्या यादीत घेतल्या तर पावलांचा क्रम बदलल्यावर गुणांक बदलू शकतो, कारण आधी केलेल्या एखाद्या खोडाखोडीने ती विशिष्ट रचनाच नाहीशी होते. चौकटी, जोड्या, एक्स-विंग यांत तसं होत नाही. आधी काहीही खोडलं तरी त्यांची वाट बंद होत नाही. घरच्या मापासाठी एवढ्याच पद्धती ठेवा.

निवृत्त_टपालवाला

मला एक सांगा. एक्स-विंग म्हणताय ते मी नकळत करत आलोय का? 'या दोन ओळींत ७ समोरासमोर आहेत, म्हणजे बाकी इथे ७ नाही' असं मी पेनानेच कधीकधी ताडतो. नाव आज कळलं.

नववा_रकाना

काका, तेच ते. आणि ते बारीक आकडे न लिहिता दिसत असेल तर ३.२ हा गुणांक तुमच्या बाबतीत फार कमी आहे.

शुभदा_मिरज

रविवारचं सांगते. २६ रिकाम्या रकान्यांचं कोडं लावलं, वर 'अतिसोपं' असं मुद्दाम लिहिलं. पहिल्या दहा मिनिटांत कोणाचाच खडू फळ्याला लागला नाही. काकूंनी तर मला विचारलं की एखादा आकडा छापायचा राहिलाय का. तासाभराने मी फळ्यावर दुसऱ्या आणि सातव्या ओळीतल्या त्या चार रकान्यांत बारीक ७ लिहिले आणि काहीच बोलले नाही. मागच्या वेळी 'उत्तरच नाही' म्हणणारे काका उठले, आठव्या उभ्या ओळीत बोट वरून खाली नेलं, पाचव्या ओळीपाशी थांबले आणि ४ लिहिला. पुढचं सगळ्यांनी मिळून भरलं.

आता मुलगा जुनी शंभरेक कोडी पुन्हा मोजतोय. तीन गट केलेत: फक्त सरळ भरणारी, जोड्या लागणारी, एक्स-विंग किंवा त्यापुढची. केदार, तुमचं म्हणणं धरून प्रत्येकाखाली किती वेळा अडायला होतं तो आकडाही लिहितेय. वीसएक झाली आहेत. त्यांत माझ्या 'अवघड' गटातली सात सरळ भरणारी निघाली. एका 'सोप्या' कोड्यावर `None` येतंय, त्यात ३८ रिकामे आहेत. ते इथे टाकू का?

नववा_रकाना

टाका. अडलेल्या जागेपर्यंत भरून टाका, म्हणजे सगळ्यांना एकाच ठिकाणाहून बघता येईल.